टाकी भरली की नेट जायचं

नव्या जोडणीला गेलं की घरातले विचारतात, "दादा, राउटर कुठे लावणार?" खरं तर ती जागा आधीच ठरलेली असते. फायबरची वायर इमारतीच्या डक्टमधून नाहीतर जिन्यातून वर येते, दाराच्या चौकटीवर भोक पाडून घरात शिरते आणि आत शिरल्यावर पहिला प्लग दिसेल तिथे राउटर लटकतो. जोडणी करणाऱ्या पोराला घरामागे पैसे मिळतात. आतल्या खोलीपर्यंत वायर ओढण्यात त्याचा वेळ जातो आणि पदरात काहीच पडत नाही. घरमालकालाही नुकताच रंग दिलेल्या भिंतीवर वायर नको असते. दोघांचं तिथल्या तिथे जमतं आणि राउटर मुख्य दाराच्या वर, चपलांच्या कपाटाशेजारी किंवा एमसीबी बॉक्सला खेटून बसतो. पुढे आतल्या खोलीत नेट तुटायला लागलं की मला बोलावणं येतं.

डोंबिवलीत हे काम करताना एक सल्ला मी घरोघरी ऐकतो: राउटर घराच्या मधोमध ठेवावा. सल्ला चुकीचा नाही, पण तो ज्या घरांसाठी निघाला ती घरं वेगळी आहेत. तिथे आतल्या भिंती लाकडी चौकटीवर जिप्समचे पत्रे ठोकून केलेल्या असतात आणि मधला भाग मोकळा असतो. आपल्याकडच्या टू बीएचकेचा मध्य कुठे येतो ते नकाशा काढून बघा. पाण्याचे आणि मैल्याचे पाइप एकाच डक्टमध्ये उतरावेत म्हणून बाथरूम आणि संडास पाठीला पाठ लावून बांधतात. पुढे हॉल आणि किचन, मागे दोन बेडरूम, आणि मधल्या पॅसेजला लागून ही जोडी. बाथरूमच्या छतावर माळा आणि माळ्यावर पाण्याची टाकी. म्हणजे घराच्या मधोमध टाइल्स, लोखंडी पाइप, ओलसर सिमेंट आणि तीनशे लिटर पाणी. वायफायला सगळ्यात जास्त अडवणाऱ्या गोष्टी आपण नेमक्या मधोमध रचून ठेवलेल्या आहेत.

यातल्या पाण्याकडे लोकांचं लक्ष सगळ्यात कमी असतं, म्हणून एका घराची गोष्ट सविस्तर सांगतो.

पूर्वेकडची नव्वदच्या दशकातली चार मजली इमारत, तिसरा मजला. काकूंची तक्रार अशी की मुलीची सकाळची मीटिंग रोज तुटते आणि दुपारनंतर सगळं ठीक चालतं. मुलगी मागच्या बेडरूममध्ये टेबल टाकून काम करायची. कंपनीकडे तक्रार दिली की दुपारी माणूस यायचा, मोबाइलवर स्पीड टेस्ट करायचा, आकडा भरपूर दिसायचा आणि तक्रार बंद व्हायची. काकू म्हणाल्या, "तुमच्या माणसाला सांगा, सकाळी नऊला या. दुपारी तर माझंही काही दुखत नाही."

ठरावीक वेळीच नेट जातं म्हटलं की पहिला संशय लाइनवर येतो. सकाळी सगळी इमारत कामाला लागते, तेव्हा लाइनवर ताण येत असेल असं वाटतं. म्हणून मी सकाळीच गेलो आणि आधी दोष लाइनचा की घरातल्या वायफायचा, हे वेगळं काढलं. त्याला एक साधा उपाय आहे. लॅपटॉपवरून बाहेरच्या साइटला नाही, तर थेट राउटरलाच हाक मारायची. राउटरचा पत्ता त्याच्या खालच्या स्टिकरवर असतो. या घरात तो नेहमीचाच होता:

```
ping -t 192.168.1.1
```

बेडरूममधल्या टेबलावरून उत्तर यायला कधी चार मिलिसेकंद, कधी तीनशे, आणि मधूनच "Request timed out". तोच लॅपटॉप हॉलमध्ये आणून वायरने राउटरला जोडला, तर एक-दोन मिलिसेकंदांत उत्तर आणि एकही हाक फुकट नाही. बाहेरची लाइन यात कुठे येतच नाही. लॅपटॉप आणि राउटर यांच्यामधल्या वीस-पंचवीस फुटांतच काहीतरी अडत होतं. पण मग सकाळीच का?

पुढचं मोबाइलवर मोजता येतं. अँड्रॉइडवर वायफायची ताकद आकड्यांत दाखवणारी फुकट अ‍ॅप आहेत. आकडा डीबीएममध्ये आणि उणे असतो, त्यामुळे ऐकणारा आधी गोंधळतो. राउटरच्या अगदी जवळ तो उणे ३०-४० दिसतो. उणे ६७च्या आसपास असेल तर व्हिडिओ मीटिंग सुखाने चालते. उणे ७५ला पानं उघडतात पण व्हिडिओ अडखळतो, आणि उणे ८५ला वायफायचं नाव नुसतं दिसतं. हे माप सरळ पट्टीचं नाही, एवढं लक्षात ठेवायचं. आकडा ३ने खाली गेला म्हणजे ताकद निम्मी झाली, १०ने गेला म्हणजे दहावा हिस्सा उरला. त्यामुळे उणे ७० आणि उणे ८० यांत दिसायला थोडाच फरक असला तरी तो दहापट आहे.

सकाळी नऊला मुलीच्या टेबलावर ५ गिगाहर्ट्‌झचा आकडा होता उणे ८०, खालीवर होणारा. दुपारी तीनला त्याच टेबलावर, मोबाइल त्याच जागी ठेवून, उणे ६९. राउटर हलला नव्हता, भिंती हलल्या नव्हत्या, दरवाजे दोन्ही वेळा उघडेच होते. मी पॅसेजमध्ये उभा राहून वर बघत होतो, तेवढ्यात काकूंनी कामवाल्या मावशींना आतून आवाज दिला, "नळाला धार नाही का? टाकी तळाला गेली असेल, संध्याकाळी येईल आता पाणी."

सोसायटी पाणी दोनदा सोडायची, सकाळी सहाच्या सुमाराला आणि संध्याकाळी सात वाजता. सकाळी टाकी काठोकाठ भरायची. आंघोळी, धुणं, भांडी होता होता दुपारी दोन-अडीचला ती तळाला जायची. राउटर हॉलमध्ये मुख्य दाराच्या वर, पॅसेजच्या तोंडाशी, छताच्या जरा खाली, साधारण नऊ फुटांवर होता. टाकी त्याच्यापासून जेमतेम तीन फुटांवर, भिंतीपलीकडच्या माळ्यावर, सात ते नऊ फुटांच्या पट्ट्यात. राउटरपासून मुलीच्या टेबलापर्यंत मनातल्या मनात दोरी ताणली, तर ती दोरी टाकीच्या पोटातून जात होती. टाकी भरलेली असली की दोरी पाण्यातून जायची आणि पाणी खाली गेलं की पाण्याच्या वरून.

तरी खात्री करून घ्यायची होती. हा तर्क खरा असेल, तर संध्याकाळी पाणी आल्यावर आठ वाजताही बेडरूममध्ये नेट पडायला हवं, पण तशी तक्रार कोणी केलेली नव्हती. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "आठ वाजता बेडरूममध्ये असतं कोण? सगळी टीव्हीसमोर." रात्री मुलीने तिथला आकडा मला पाठवला, उणे ७९. मग शंका उरली नाही.

पाणी वायफायला एवढं का अडवतं, याचं एक चुकीचं कारण आमच्या धंद्यातही सांगतात. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्‌झवर चालतो आणि पाणी तापवतो, म्हणजे पाण्याचे कण नेमक्या त्याच कंपनाला नाचतात, असं ते कारण. तसं नाही. पाण्याचे रेणू लहरीच्या तालावर वळायचा प्रयत्न करतात आणि त्या धडपडीत लहरीची ऊर्जा उष्णता होऊन जाते. हे एका ठरावीक कंपनालाच नाही, मोठ्या पट्ट्यात घडतं, आणि कंपन वाढलं की २० गिगाहर्ट्‌झच्या आसपासपर्यंत ते वाढतच जातं. म्हणून ५ गिगाहर्ट्‌झचं वायफाय पाण्यात २.४पेक्षा पुष्कळ लवकर मरतं. २.४ला एक सेंटिमीटर पाण्यात साधारण अडीच डेसिबल जातात, ५ला दहाच्या आसपास. शिवाय पाण्याच्या पृष्ठभागावरच निम्म्याहून जास्त ताकद परतते, आत शिरते ती उरलेली. टाकीत पाणी दोन-अडीच फुटांचं. त्यातून आरपार काहीही येत नाही, असंच धरून चालायचं.

मग टाकी भरलेली असतानाही मुलीच्या टेबलावर उणे ८० तरी कुठून आला? तो फिरून आलेला. वायफाय सरळ रेषेतच जातं असं नाही. छतावर, समोरच्या भिंतीवर आपटून, दारातून वळून थोडं थोडं पोचतं. हे लक्षात असलं की एक गैरसमज टळतो. अडथळ्याच्या नावापुढे लिहिलेला आकडा सरळ वजा करून घरातलं उत्तर मिळत नाही. तो सरळ वाटेचा तोटा झाला. घरात अनेक वाटा असतात आणि उरलेल्या वाटांतली सगळ्यात बरी कोणती, त्यावर मोबाइलमधला आकडा ठरतो.

मुलीची तक्रार होती, "मला सगळ्यांचं ऐकू येतं, पण त्यांना माझं तुटतं." कमी ताकदीच्या जागी हे फार ऐकायला मिळतं, आणि त्याचंही कारण साधं आहे. राउटर भिंतीतल्या विजेवर चालतो, तो जोरात बोलतो. मोबाइल आणि लॅपटॉप बॅटरी वाचवत त्याच्यापेक्षा हळू बोलतात. त्यामुळे राउटरचं इथपर्यंत पोचतं पण इथलं राउटरपर्यंत पोचत नाही. पडद्यावर वायफायच्या दोन-तीन कांड्या दिसतात आणि मीटिंगमध्ये मात्र समोरचे "आवाज येत नाहीये" म्हणत असतात. कांड्या फक्त येणाऱ्या बाजूच्या असतात.

कारण कळलं, पण टाकी तर हलवता येत नाही. राउटरच हलवायचा. आता कुठे? इथे बरेच जण थेट वायर ओढायला घेतात आणि मग कळतं की नवी जागा जुनीपेक्षा फार बरी नाही. त्याची गरज नाही. नेट जोडलेलं नसलं तरी राउटर वायफाय सोडतच असतो, त्याला फक्त वीज लागते. मी राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावतो, लाइट गेल्यावर नेट चालू राहावं म्हणून लोक घेतात तोच, आणि राउटर हातात घेऊन घरभर फिरतो. स्टुलावर ठेवायचा, दुसऱ्याने टेबलावरचा आकडा वाचायचा. मोबाइल दर वेळी त्याच जागी, त्याच दिशेला ठेवायचा, आणि आकडा खालीवर होत असतो म्हणून अर्धा मिनिट बघून मधला घ्यायचा. यूपीएस नसेल तर एक्स्टेंशन बोर्ड चालतो. हे सगळं टाकी भरलेली असताना करायचं, कारण परीक्षा वाईट वेळेची घ्यायची असते. काकूंच्या घरी मी पुन्हा सकाळचाच गेलो, तो त्यासाठी.

पहिली जागा सुचवली काकूंनी, हॉलमधल्या टीव्ही युनिटमध्ये. तिथे प्लग होते, वायर लपली असती, राउटर दिसलाही नसता. आकडा आला उणे ७६. टीव्हीच्या पाठीचा पत्रा, मग हॉलची भिंत, मग टाइल्स लावलेलं अख्खं बाथरूम आडवं. टाकी चुकली पण बाकी सगळं आडवं आलं. दुसरी जागा किचनमध्ये, फ्रिजवर. तिथे मी ठेवून बघितलंच नाही. फ्रिज म्हणजे माणसाच्या उंचीची पत्र्याची पेटी, आणि शेजारी मायक्रोवेव्ह ओव्हन, जो चालू असताना २.४ गिगाहर्ट्‌झवर नुसता कोलाहल करतो. तिसरी जागा पॅसेजमध्ये, माळ्याच्या पातळीच्या खाली, सहा-साडेसहा फुटांवर, बाथरूमच्या समोरच्या भिंतीवर. तिथून दोन्ही बेडरूमची दारं दिसतात आणि दुसऱ्या टोकाला हॉल दिसतो. मुलीच्या टेबलावर आकडा आला उणे ५८.

हीच जागा का जमली? टाकीचं अंतर वाढलं म्हणून नव्हे, राउटर तिच्या खाली आला आणि रेषेतून टाकी निघाली म्हणून. अडथळा राउटरच्या जितका जवळ, तितकी त्याची सावली पुढे रुंद पसरते. आधी टाकी तीन फुटांवर होती, त्यामुळे मागचं जवळजवळ सगळं घर तिच्या सावलीत होतं. राउटर अडीच-तीन फूट खाली आणि थोडा आत सरकवला की तीच टाकी कोणाच्याच वाटेत येत नाही. म्हणून मी नकाशावर घराचा मध्य शोधत नाही. घरातली माणसं कुठे बसतात त्या जागांवर फुल्या मारतो, आणि कुठून रेघा ओढल्या तर पाणी, पत्रा आणि काँक्रीट सगळ्यात कमी कापलं जाईल ते बघतो.

आता फायबर दारापाशी आणि राउटर पॅसेजमध्ये, मग जोडायचं कसं? फायबर पुढे ओढता येतो, पण काचेची तार कोपऱ्यात दुमडली की प्रकाश गळतो, आणि घरात कोणी तिच्यावर खिळा मारला की पुन्हा जोडायला माणूस बोलवा. त्यामुळे फायबरचा डबा दारापाशीच ठेवला, त्यातलं वायफाय बंद केलं, तिथून कॅट-६ वायर पॅसेजपर्यंत नेली आणि टोकाला वेगळा राउटर लावला. वायर माळ्याच्या कडेने पांढऱ्या पीव्हीसी पट्टीत बसवली. काकूंची एकच अट होती, वायर देवघराच्या वरून जायला नको. मग ती किचनच्या बाजूने फिरवली, चार-पाच मीटर जास्त गेली. कॅट-६ला घरातल्या अंतराने फरक पडत नाही, शंभर मीटरपर्यंत ती निर्धास्त चालते.

एवढं झाल्यावर दुसऱ्या बेडरूममधून मुलाचा आवाज आला, "माझ्याकडे अजून तसंच आहे." त्या खोलीत पॅसेजच्या भिंतीला लागून भिंतभर वॉर्डरोब, आणि त्याच्या दोन पल्ल्यांना वरपासून खालपर्यंत आरसे. मुलाचा पलंग नेमका त्याच्यामागच्या कोपऱ्यात. आकडा उणे ७४. साध्या काचेने वायफायला फारसं काही होत नाही, दोन-तीन डेसिबल. आरशाच्या पाठीला मात्र चांदीचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा असतो. केसापेक्षा कितीतरी पातळ, पण धातूच, आणि वायफायला तो पत्र्यासारखाच परतवतो. पटत नसेल तर समोर करून बघता येतं. मी मोबाइल पलंगावर ठेवला आणि मुलाला आरशाचा पल्ला पूर्ण उघडायला सांगितला. आकडा उणे ६६वर आला. बंद केला, पुन्हा ७४. त्याने चार वेळा उघडझाप केली, मग आईला बोलावून दाखवलं. आत कपडे आणि पाठीमागे प्लाय होतंच. त्यांनी काही बिघडत नव्हतं, अडवत होता तो आरसाच.

वॉर्डरोब उघडा ठेवून कोणी झोपत नाही. पॅसेजमधला राउटर दीड-दोन फूट हॉलकडे सरकवला, म्हणजे पलंगाकडे जाणारी रेघ आरशातून न जाता खोलीच्या दारातून जाऊ लागली. मुलाकडे उणे ६५, मुलीकडे ५८चे ६१ झाले. दार बंद केलं तरी फ्लश डोअर तीन-चार डेसिबलच खातं. एका खोलीचं थोडं काढून दुसऱ्या खोलीला द्यायचं, असाच हा व्यवहार असतो, आणि दोघांचंही ६७च्या वर राहिलं की थांबायचं. आरसा दर वेळी वैरी असतो असंही नाही. पॅसेजच्या टोकाला लावलेला मोठा आरसा कधी कधी वायफाय वळवून अशा कोपऱ्यात टाकतो जिथे एरवी ते गेलंच नसतं. पण त्याच्या भरवशावर जागा ठरवू नये. आरसा काढला की कोपरा गेला.

भिंतींबद्दल लोक जाडी विचारतात. चार इंची विटांची भिंत साधारण पाच ते दहा डेसिबल घेते, नऊ इंची त्याच्या दीड-दोनपट, आणि दोन्हींत ५ गिगाहर्ट्‌झला जास्त फटका. पण जाडीपेक्षा आत काय आहे हे जास्त महत्त्वाचं. प्लास्टर करताना बीम आणि विटांचा सांधा तडकू नये म्हणून त्यावर कोंबडीजाळी ठोकतात. लपवलेल्या पाइपांच्या चरांवरही ती मारतात. जाळीची भोकं अर्धा-पाऊण इंचाची. २.४ गिगाहर्ट्‌झची लहर साडेबारा सेंटिमीटर लांब आणि ५ गिगाहर्ट्‌झची साडेपाचच्या आसपास. एवढ्या लांब लहरीला तेवढं भोक म्हणजे जवळजवळ बंद दार. खिडकीच्या ग्रिलमधून मात्र वायफाय आरामात जातं, कारण तिथली फट मोठी असते. एखादी साधी दिसणारी भिंत बारा-पंधरा डेसिबल खात असेल, तर मी घरमालकाला विचारतो, हिच्यातून पाइप गेलाय का, की हिचं प्लास्टर पुन्हा केलंय? बहुतेक वेळा उत्तर "हो" येतं.

स्लॅबचं वेगळं. लोकांना वाटतं आतली सळई अडवते. सळईची जाळी सहा-आठ इंचांची असते, तिच्यातून २.४ बऱ्यापैकी निघतं. अडवतं ते पाच इंची काँक्रीट आणि त्यात वर्षानुवर्षं मुरलेली ओल, आणि बाथरूमखाली तर त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरलेला. स्लॅबमागे पंधरा-वीस डेसिबल जातात, कधी त्याहून जास्त. घरबसल्या बघायचं असेल तर मोबाइलमधली वायफायची यादी उघडा. शेजारच्या दाराचं वायफाय आणि डोक्यावरच्या घराचं वायफाय अंतराने सारखंच असलं, तरी डोक्यावरचं बहुतेक वेळा खालच्या ओळीत असतं.

दुमजली घरात यात अँटेनाची भर पडते. उभ्या अँटेनाभोवती वायफाय मेदूवड्यासारखं पसरतं. अँटेना भोकात उभी, वडा तिच्याभोवती आडवा, आणि वर-खाली मात्र भोकच. बदलापूरच्या एका रो-हाउसमध्ये राउटर खाली हॉलच्या कोपऱ्यात होता, सगळ्या अँटेना सैनिकांसारख्या उभ्या, आणि त्याच्या थेट वरच्या बेडरूममध्ये नेट नाही. तिथे एक अँटेना आडवी केली आणि राउटर जिन्याच्या मधल्या चौकात नेला. जिना म्हणजे स्लॅबला पाडलेलं मोठं भोक, वायफाय त्यातून वर जातं. काँक्रीट भेदण्यापेक्षा हे पुष्कळ सोपं. अँटेना जास्त म्हणजे वायफाय लांब, हे मात्र खरं नाही. चार अँटेनांचा राउटर भरलेल्या टाकीमागे ठेवला तर तोही तिथेच बसून राहतो.

कल्याण-शीळ रस्त्याच्या नव्या टॉवरांमध्ये मात्र माझी ही रेघा ओढायची पद्धत थिटी पडते. त्यांतल्या बऱ्याच इमारती अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या असतात, ज्याला सगळे मायवान म्हणतात. आतल्या भिंतीही विटांच्या नाहीत, सळई घातलेल्या काँक्रीटच्या. अशा घरात कुठूनही रेघ ओढा, ती काँक्रीटच कापते. हॉलमध्ये उणे ४०, आणि दोन भिंतींपलीकडच्या मास्टर बेडरूममध्ये ८०. तिथे चांगली जागा शोधण्यात वेळ घालवू नये, दोन जागा कराव्या लागतात. लोक मेशचा जोड आणतात आणि दुसरा डबा नेमका जिथे नेट नाही त्याच खोलीत ठेवतात. मग तो डबा स्वतःच उपाशी राहतो आणि पुढे उपास वाढतो. तो निम्म्या वाटेवर हवा, जिथे पहिल्याचा आकडा अजून उणे ६०-६५ मिळतो, शक्यतो दाराच्या समोर. दोन डब्यांमध्ये वायर ओढता आली तर हा प्रश्नच राहत नाही.

आणि वायर ओढता यावी म्हणून एकच वेळ असते, फर्निचरचं काम चालू असतानाची. तेव्हा इलेक्ट्रिशियनला सांगावं: मुख्य दारापासून पॅसेजपर्यंत आणि तिथून टीव्हीच्या भिंतीपर्यंत पाऊण किंवा एक इंची पाइप टाक, आत ओढवायर सोडून ठेव, आणि टोकाला पाच-सहा फुटांवर एक प्लग दे. लाइटच्या वायरीच्या पाइपातून नेटची वायर ढकलू नको. तो म्हणेल, "साहेब, हल्ली सगळं वायफायवरच असतं, पाइप कशाला?" त्याला पाइप टाकायलाच लावायचा, आणि भिंत बुजवण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा, म्हणजे पुढे खिळा कुठे मारायचा नाही तेही कळतं.